एका कार्डावर एकच गोष्ट, पण कोणती?

‘एका कार्डावर एकच गोष्ट’ हा नियम सुपरमेमोवाल्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या वीस नियमांपैकी एक. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. कार्डावर चार गोष्टी असल्या आणि एकच विसरली, तर चारही पुन्हा घोकाव्या लागतात.

एका मैत्रिणीने एऑर्टिक स्टेनोसिसच्या, म्हणजे महाधमनीची झडप अरुंद होण्याच्या, प्रकरणाची कार्डं केली होती. ती बघताना मला हा नियम अपुरा वाटला. ‘तीव्र’ आजाराची व्याख्या तिने तीन कार्डांत विभागली होती: झडपेचं क्षेत्रफळ १ चौ. सेंमी किंवा कमी, सरासरी दाबफरक ४० मिमी पारा किंवा जास्त, रक्ताचा कमाल वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त. तिन्ही कार्डं बरोबर आहेत, आणि ती दोन सेकंदांत उत्तर देते.

आता हा रुग्ण बघा: क्षेत्रफळ ०.८, दाबफरक २८, वेग ३.४, आणि इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के. एक कार्ड म्हणतं तीव्र, दोन म्हणतात नाही. बहुमत घ्यायचं का?

नाही, कारण ही तीन स्वतंत्र मतं नाहीतच. दाबफरक वेगावरूनच काढतात (4v²), त्यामुळे ती दोन कार्डं एकाच डॉपलर मोजणीची दोन रूपं आहेत. हृदयाचा स्नायूच थकला की झडपेतून रक्त कमी जातं आणि झडप कितीही अरुंद असली तरी दोन्ही आकडे एकदमच खाली येतात. क्षेत्रफळ काढताना मात्र प्रवाह हिशेबात धरलेला असतो. (तेही पूर्ण निर्दोष नाही, थकलेलं हृदय बऱ्यापैकी चांगली झडपही नीट उघडू शकत नाही.) म्हणून थोडं डोब्युटामिन देऊन प्रवाह वाढवून बघतात. दाबफरक ४० च्या वर गेला आणि क्षेत्रफळ तेवढंच राहिलं, तर झडप खरंच तीव्र अरुंद. क्षेत्रफळच १ च्या वर गेलं, तर मूळ दोष स्नायूचा. काही रुग्णांत प्रवाह पुरेसा वाढतच नाही. मग सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात.

मग नियम सोडायचा का? माझं मत: नाही, पण ‘एक गोष्ट’ म्हणजे फक्त एक आकडा असं धरू नका. दोन आकड्यांमधला संबंध हीसुद्धा एकच गोष्ट आहे. तिच्या तीन कार्डांशेजारी मी ही दोन ठेवीन:

```
प्र: क्षेत्रफळ ०.८, पण दाबफरक २८ च. का?
उ: झडपेतून जाणारा प्रवाह कमी.

प्र: प्रवाह निम्मा झाला, क्षेत्रफळ तेवढंच. दाबफरक?
उ: सुमारे पाव.
```

दुसऱ्याचं उत्तर पाठ असायची गरज नाही, वेग निम्मा झाला की वर्ग पाव होतो. मात्र उत्तर ‘पाव’ हा शब्द आठवून येतंय की हिशेबाने, हे तपासायला महिन्याभराने प्रश्नातला ‘निम्मा’ खोडून ‘दुप्पट’ करा.