दुप्पट वेगाचा भ्रम

सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेलॉसिटी' म्हणजे टीमने एका स्प्रिंटमध्ये पुरे केलेल्या स्टोरी पॉइंट्सची बेरीज. समजा, 'अ' टीमची 64 आहे, 'ब'ची 30. मॅनेजर म्हणतो, 'अ' दुप्पट काम करते. आपण विचारू या, पॉइंट हे माप ठरवलं कुणी? ज्या त्या टीमने आपल्यापुरतं. लॉगिनच्या एकाच पानाला 'अ' 8 पॉइंट देते, 'ब' 3. सगळं काम अशाच पानांचं असतं, तर 'अ'ची पानं झाली 8 आणि 'ब'ची 10!

बरं, तुलना सुरू झाली की 'ब'ही त्याच पानाला 5 देऊ लागते. पॉइंट चढतात, पुऱ्या झालेल्या कामांची संख्या तिथंच राहते. फुगवटा ओळखायची खूण हीच.

मग तुलना कशाची करावी? दिवसांची, कारण दिवस सर्वांना सारखाच. काम हाती घेतल्यापासून ग्राहकाला मिळेपर्यंत किती दिवस गेले, आणि त्यातलं किती बिघडून परत आलं, हे दोन्ही एकत्र पाहावं. एकटे दिवस पाहिले, तर घाई वाढते. मात्र कामाचा प्रकार वेगळा असेल, तर टीमची तुलना तिच्याच मागच्या तिमाहीशी करणं बरं.