थांबलेला एकलवादक

खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीलगत राहून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचे, तर शिकवायला कोणी नसते. माझे सगळे शिक्षण कॅसेटी, रेडिओ आणि जुन्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे एक चूक मी बरीच वर्षे जपली. कॉन्चेर्तोच्या सुरुवातीला वाद्यवृंद दोन-अडीच मिनिटे एकटाच वाजतो, तो भाग मला नाटकाआधीच्या नांदीसारखा वाटे. खरे नाटक पियानो आल्यावर सुरू होते, अशी माझी समजूत होती.

ही समजूत मोडली मोत्झार्टच्या डी मायनरमधल्या पियानो कॉन्चेर्तोने (के. ४६६). १० फेब्रुवारी १७८५ रोजी तो पुरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात मोत्झार्टने स्वतः वाजवला. वाद्यवृंद आरंभीच अस्वस्थ आहे. तंतुवाद्यांचे स्वर ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधे धडकत राहतात. ही पहिली मांडणी. ती मधे क्षणभर एफ मेजरकडे वळते, पण तिथे घर करत नाही. परत डी मायनरला येऊन थांबते.

मग पियानो येतो, आणि वाद्यवृंदाने म्हटलेले काहीच म्हणत नाही. तो एकट्याने, हळू आवाजात एक नवीच सुरावट वाजवतो. त्यानंतर दुसरी मांडणी सुरू होते आणि वाद्यवृंदाची जुनी सामग्री परत येते. पण या वेळी संगीत खरोखर एफ मेजरला जाऊन स्थिरावते. म्हणजे दुहेरी मांडणी ही पुनरुक्ती नव्हे. समूहाने न ओलांडलेला उंबरठा एकलवादक ओलांडतो, आणि त्याची ती पहिली सुरावट वाद्यवृंद शेवटपर्यंत आपल्या तोंडी घेत नाही. पहिली मांडणी नांदी म्हणून सोडून दिली, तर हे ओलांडणे ऐकूच येत नाही.

भागाच्या शेवटाजवळ वाद्यवृंद एका अधांतरी स्वरसंघावर थबकतो. तो स्वरसंघ उत्तर मागतो, आणि ते देण्याचे काम एकट्या वादकाचे. हा कादेन्झा. त्यात काय वाजवायचे ते वादक ठरवी. शेवटी एक लांब कंपस्वर घेतला, की वाद्यवृंदाला परतण्याची खूण मिळे. आपल्या तिहाईने सम सुचवावी तसेच हे, फक्त इथे मागे ठेका चालू नसतो. या कॉन्चेर्तोसाठी मोत्झार्टचा लिखित कादेन्झा उपलब्ध नाही. पुढे बीथोव्हेनने आपला लिहिला आणि आज बहुतेक वादक तोच वाजवतात.

त्याच बीथोव्हेनच्या पाचव्या पियानो कॉन्चेर्तोत (१८०९) चित्र उलटते. वाद्यवृंदाचा पहिला स्वरसंघ उमटतो न उमटतो तोच पियानो कादेन्झासारखी झेप घेतो. त्यानंतर तो थांबतो आणि वाद्यवृंदाची लांब मांडणी होते, पण मालक कोण हे आधीच कळलेले असते. मात्र जिथे कादेन्झा यायचा तिथे बीथोव्हेन वादकाला स्वतःचे काही वाजवू देत नाही. स्वर त्यानेच लिहून दिले आहेत. बहिरेपणामुळे तोवर तो स्वतः मंचावर वाजवण्याच्या स्थितीत उरला नव्हता, हे इथे विसरता येत नाही. रचना दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

मेंडेलसोनच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत (१८४५) दुहेरी मांडणीच नाही; व्हायोलिन जवळजवळ लगेच मुख्य सुरावट घेते. कादेन्झा शेवटाकडून मध्याकडे सरकतो, तोही पूर्ण लिहिलेला. त्याच्या अखेरीस व्हायोलिन तारांवरून वरखाली धावत राहते आणि त्या धावण्याखाली वाद्यवृंद मुख्य सुरावट परत आणतो. नायक क्षणभर साथीदार होतो.

या साठ वर्षांचा हिशेब मला असा दिसतो : एकलवादक जसजसा लवकर बोलू लागला, तसतसे त्याचे स्वतःचे बोलणे संपत गेले. मोत्झार्टचा वादक वाट पाहतो, पण त्याच्या वाट्याला एक कोरी जागा येते. मेंडेलसोनचा वादक वाट पाहत नाही, आणि कोरी जागाही त्याला मिळत नाही.

म्हणून झाकीर हुसेन यांचा ‘पेशकार’ मला महत्त्वाचा वाटतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी रचलेला हा तबला कॉन्चेर्तो २०१५ साली मुंबईत एनसीपीएत प्रथम सादर झाला. तबला एका स्वराला लावलेला. डी मायनरहून एफ मेजरला जाणे त्याला शक्य नाही. मोत्झार्टचा उंबरठा त्याच्यासाठी बंदच आहे. पण पेशकार म्हणजे तबल्याच्या एकलवादनाचा आरंभ, जिथे वादक ठरलेल्या चौकटीत बोल उलगडत, बदलत नेतो. ज्या परंपरेत हे जागच्या जागी घडवणे हीच विद्या आहे, तिचा वादक वाद्यवृंदापुढे बसतो तेव्हा त्याला ती कोरी जागा कोणाकडून मागून घ्यावी लागत नाही.

आता के. ४६६ लावला, की त्या पहिल्या अडीच मिनिटांत मी पियानोच्या गप्प बसण्याकडे कान देतो.