एका दमात पाहिलेलं घर

खरवईतला एक वन बीएचके विकायला निघाला आहे. मालकांनी तिथल्याच एका मुलाकडून त्याचा सव्वा मिनिटाचा व्हिडिओ करून घेतला, आणि मी तो वारंवार पाहतो, कारण त्यात एकही कट नाही.

हॉल जेमतेम दहा बाय चौदाचा. अशा वेळी बरेच जण मोबाइलची ०.५ लेन्स लावतात. भिंती लांब पळतात, कडेचा सोफा ताणला जातो आणि कल्याणहून घर बघायला आलेलं कुटुंब दारातच हिरमुसतं. या मुलाने साधी १एक्स लेन्स ठेवली, फोन आडवा धरला आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावली. दोन भिंती आणि खिडकी चौकटीत नीट बसली. फोन छातीच्या उंचीवर आहे आणि कुठेही झुकलेला नाही, म्हणून दाराच्या चौकटी सरळ उभ्या दिसतात. तो खाली झुकला असता तर त्या वरच्या बाजूला फाकल्या असत्या.

मला सर्वांत आवडतं ते हॉलमधून किचनकडचं वळण. मागे खिडकीचा लख्ख उजेड, पुढे अंधारा पॅसेज. फोन ऑटोवर असता तर चित्र मध्येच उजळलं-मावळलं असतं. त्याने हॉलच्या भिंतीवर बोट दाबून एक्स्पोजर आधीच लॉक केलंय. किचन थोडं काळपट येतं, पण खरं वाटतं. ओट्याच्या कडेकडे बघा: ती रेघ वरखाली उचकत नाही. गिम्बल हाताचं डुलणं आवरतो, पावलांचे हिसके मात्र गुडघ्यांनाच झेलावे लागतात. तो गुडघे किंचित वाकवून, आधी टाच मग बोटं टेकवत चालला असणार.

कट नसल्यामुळे बाथरूमचं दार ओट्यासमोरच उघडतं हेही दिसतं. मालकांना ते नको होतं. पण घेणाऱ्याच्या डोक्यात घराचा नकाशा उमटतो तो याच सलगपणामुळे. गॅलरी मात्र त्याने घाईत उरकली. तिथे आणखी तीन-चार सेकंद हवे होते.

त्याने १,५०० रुपये घेतले. येणं-जाणं आणि पसारा आवरायला तास, एका सलग शॉटसाठी पुन्हा पुन्हा चालण्यात दीड, रंग-आवाज नीट करण्यात दीड. चार तासांचे तीनशेप्रमाणे १,२०० आणि रिक्षा, गिम्बलची झीज यांचे ३००. सव्वा मिनिटाच्या मानाने ही रक्कम मोठी वाटते, पण त्यातला बराच वेळ न दिसणाऱ्या फेऱ्यांत गेलाय. एका एजंटने त्याला ‘घर विकलं की देतो’ म्हटलं होतं. त्याने नकार दिला, आणि ते बरोबरच. सौदा भावावर, कर्जावर, कागदपत्रांवर अडतो. व्हिडिओ करणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं. तो निम्मे पैसे आधी घेतो, एक दुरुस्ती फुकट करतो आणि पुन्हा शूटला यावं लागलं तर ५०० वेगळे लावतो. हे सगळं तो आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो.