फलकाचे वाचन: उजवीकडून डावीकडे

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या कचेऱ्यांत रोज सकाळी पंधरा मिनिटांची एक बैठक भरते. काल काय केले, आज काय करणार आणि अडचण कोणती, हे तीन प्रश्न प्रत्येकास विचारण्याची रूढी स्क्रम पद्धतीतून आली. २०२० च्या 'स्क्रम गाइड'मधून हे प्रश्न वगळले गेले. तथापि रूढी टिकून आहे. तिच्यावरील मुख्य आक्षेप असा की, तीत माणसांचा हिशेब मिळतो, कामाचा मिळत नाही. कानबान पद्धतीचे अनुयायी म्हणूनच फलक वाचतात, आणि तोही उजव्या टोकाकडून. पुढच्या टप्प्याने मागच्याकडून लागेल तेवढेच उचलावे, या टोयोटा कारखान्यातील ताइइची ओनो यांच्या तत्त्वाशी हा क्रम जुळतो.

नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्यात असा एखादा गट आहे असे कल्पू. त्याच्या फलकावर डावीकडून 'लेखन', 'परीक्षण', 'चाचणी' व 'वितरणास सिद्ध' असे रकाने आहेत. त्यांत १२ कामे आहेत आणि रोज सरासरी दोन पुरी होतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार एका कामास सरासरी सहा दिवस लागतात. 'चाचणी'तील एक कार्ड नमुना-माहितीअभावी पाच दिवस अडले आहे. माणसागणिक विचारणा झाली, तर परीक्षक म्हणतो, "चाचणी चालू आहे", प्रोग्रॅमर म्हणतो, "नवे काम घेतो." दोघेही खरे बोलतात आणि कार्ड जागीच राहते. उजवीकडून वाचताना मात्र प्रश्न असा पडतो: हे आज पुढे सरकण्यास काय हवे? मग तोच प्रोग्रॅमर नव्या कामाऐवजी नमुना-माहिती तयार करतो. अशा रीतीने चालू कामे आठांवर आली आणि पुरे होण्याची गती तीच राहिली, तर सरासरी अवधी चार दिवसांवर येतो. काम कोणीच अधिक वेगाने केलेले नसते. नवे काम केवळ थांबलेले असते.

येथेच या क्रमाची मर्यादाही दिसते. चालू कामांच्या संख्येवर बंधन नसेल, तर बैठक संपताच डावीकडून नवी कार्डे आत येतात आणि वाचन हा निव्वळ विधी उरतो. शिवाय उजवीकडचे प्रत्येक काम पूर्णत्वाजवळ असतेच असे नाही. बाहेरच्या कचेरीच्या मंजुरीसाठी थांबलेले कार्ड रोज चर्चेस घेतल्यास वेळ तेवढा खर्ची पडतो. उलट, चाचणीतून दोषासाठी 'लेखना'त परत पाठविलेले सर्वांत जुने काम डावीकडे नजरेआड होते. म्हणून कार्डावर ते आत आल्याची तारीख असावी, आणि कार्ड मागे गेले तरी ती बदलू नये. एकच कार्ड तीन बैठकांत त्याच उत्तरासह वाचले गेले, तर दोष क्रमात नसून गटाने कोणता निर्णय टाळला, यात आहे असे समजावे.