साडेचार हजारांच्या आत

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एका हार्डवेअर दुकानाचं ऑगस्ट २०२४चं ताळमेळ-पत्रक समोर घेऊ. खरेदी नोंदवहीप्रमाणे इनपुट टॅक्स क्रेडिट १,२७,८०० रुपये, पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीप्रमाणे १,२३,३००. फरक ४,५०० रुपयांचा. पाहताक्षणी वाटतं, एखादं बिल राहून गेलं. पत्रक करणारा या उत्तरावर थांबत नाही आणि तिथूनच त्याची कारागिरी दिसू लागते.

आधी तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि कर, तिन्ही तंतोतंत जुळणाऱ्या जोड्या बाजूला काढतो. उरलेल्यांसाठी बिल क्रमांकातल्या तिरप्या-आडव्या रेघा आणि पुढची शून्यं काढून टाकतो, म्हणजे `SE/0024` आणि `SE-24` एकत्र येतात. मात्र सवलत फक्त क्रमांकाला. विक्रेता, तारीख आणि करपात्र रक्कम जुळलीच पाहिजे, नाहीतर गेल्या वर्षीचं चोवीस नंबरचं बिल यंदाच्या चोविसाशी जाऊन बसेल.

एवढ्या चाळणीनंतर तीनच ओळी उरतात. पहिलं बिल ९,००० रुपये कराचं, फक्त नोंदवहीत. विक्रेत्याने त्या महिन्याचा जीएसटीआर-१ मुदतीनंतर, म्हणजे ११ सप्टेंबर उलटल्यावर भरला. त्यामुळे १४ तारखेला तयार झालेल्या २बीत ते आलं नाही, पुढच्या महिन्यात येईल. दुसरं ५,४०० रुपयांचं, फक्त पोर्टलवर. तिसरं दोन्हीकडे आहे, पण नोंदवहीत कर ५,४०० आणि पोर्टलवर ४,५००. इथे ९०० रुपयांच्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. दोन अंकांची अदलाबदल झाली की असं होतं. करपात्र रक्कम २५,००० आणि दर १८ टक्के, म्हणजे कर ४,५००. चूक नोंदवहीची.

आता बेरीज वाचा. ९,००० वजा ५,४०० अधिक ९००, बरोबर ४,५००. एका आकड्यात परस्परविरुद्ध दिशांचे तीन फरक दडले होते. नोंदवहीतून ९०० वजा करून ५,४०० मिळवले आणि २बीत येणारे ९,००० धरले, की दोन्ही बाजू १,३२,३०० वर येऊन मिळतात. हा क्षण मला फार देखणा वाटतो, कारण तो आकडे ओढूनताणून आणलेला नाही, प्रत्येक ओळीने आपलं कारण दिलं आहे.

तरी ५,४०० च्या ओळीपुढे त्याने ‘माल आला का?’ असा शेरा लिहिला आहे. बिल पोर्टलवर दिसतं एवढ्यावर क्रेडिट मिळत नाही. बिल हातात हवं, माल पोचलेला हवा. माल मिळाला असेल तर या महिन्याचा दावा १,२३,३०० रुपयांचा, नसेल तर १,१७,९०० चा. ९,००० दोन्ही परिस्थितींत पुढच्या महिन्याकडे. बेरीज जुळल्यावरही ही एक ओळ उघडी ठेवली, म्हणूनच हे पत्रक विश्वासाचं ठरतं.