दहा फेऱ्यांचं पान

१८.४, १५.१, १४.९, १५.०, १५.२, १५.३, १५.५, १५.४, १५.८, १५.४.

छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी मुलांना स्केटिंगला सोडणाऱ्या पालकांच्या वहीत असं पान सापडतं. हे मी नमुन्यादाखल मांडलं आहे. क्वाड स्केट्सवरची, गारखेड्याकडची एक बारा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. आकडे सेकंदांचे, फेऱ्या दहा. बेरीज बरोबर १५६ सेकंद. खाली पालकांचा प्रश्न: ‘पाच किलोमीटरला किती लागेल?’

या पानाचा आस्वाद घ्यायचा तर आधी त्यावर न लिहिलेला आकडा शोधावा लागतो, तो म्हणजे फेरीची लांबी. समजा, रिंकच्या सरळ बाजू २२-२२ मीटरच्या आहेत आणि वळणांवर मोजमापाच्या रेषेची त्रिज्या ९ मीटर. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं, त्याचा परीघ ५६.५ मीटर. त्यात सरळ बाजूंचे ४४ मिळवले की फेरी १००.५ मीटरची. दहा फेऱ्या म्हणजे १००५ मीटर. त्याला १५६ने भागलं की सेकंदाला ६.४४ मीटर आणि ३.६ने गुणलं की ताशी २३.२ किलोमीटर. सरासरी वेग हाती आला.

पण मुलगी त्या रेषेवरून धावली का? वळणावर ती मीटरभर बाहेरून गेली असेल, तर त्रिज्या ९ची १० झाली आणि फेरी १०६.८ मीटरची. एक मीटर बाहेर सरकल्याची किंमत प्रत्येक फेरीत ६.२८ मीटर असते आणि रिंक केवढंही असलं तरी ती बदलत नाही. २०० मीटरच्या मोठ्या ट्रॅकवर हा फरक तीन टक्के पडतो, आपल्या छोट्या रिंकवर सहा. म्हणजे तिची चाकं खरं तर ताशी २४.६ किलोमीटरने फिरत होती. स्पर्धेत तो जास्तीचा रस्ता कुणी मोजत नाही, तिथे २३.२च धरायचे. सरळ रस्त्यावरचा अंदाज बांधायचा असेल तर मात्र २४.६ कामाचे. (जालना रोडवर ते पडताळायला जाऊ नका.)

आता सरासरीचा मोह. पहिली फेरी ताशी १९.७ किलोमीटरची, तिसरी २४.३ची. दोन्हींची सरासरी २२ काढून मोकळं व्हावंसं वाटतं. खरा हिशेब २०१ मीटर भागिले ३३.३ सेकंद, म्हणजे ताशी २१.७. संथ फेरीत मुलगी जास्त वेळ होती, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त. चूक लहान असते, पण नेहमी खुशामतीच्या बाजूने होते. वेगांची सरासरी काढूच नये. सगळं अंतर एका बाजूला, सगळा वेळ दुसऱ्या बाजूला आणि एकदाच भागाकार.

मला या पानातली सर्वांत सुंदर जागा शेवटी दिसते: १५.४, १५.८, १५.४. नववीत ती दमली आणि दहावीत पुन्हा सावरली, असं वाचता येतं. दुसरं वाचन असं, की नववीच्या शेवटी बटण दाबणारा अंगठा ०.२ सेकंद उशिरा पडला. तसं झालं तर ती फेरी जितकी लांबते तितकीच पुढची आखडते. दोन्ही मिळून ३१.२ सेकंद, म्हणजे प्रत्येकी १५.६. आधीच्या १५.५, १५.४ नंतर हे १५.६ सहज बसतात. माझा कौल अंगठ्याच्या बाजूने. घड्याळ मध्ये न थांबवता लॅपचं बटण दाबत गेलं, की या चुका आपापसांत फिटतात. एकूण वेळेत पहिल्या आणि शेवटच्या दाबाचीच चूक उरते. अधेमधे तीसच्या आसपासचा आकडा दिसला तर मुलीला दोष देऊ नका, एक दाब राहून गेलेला असतो.

पाच किलोमीटरकडे वळू. या रिंकवर त्या ४९.७५ फेऱ्या. सरळ त्रैराशिक मांडलं तर ७७६ सेकंद, म्हणजे १२ मिनिटं ५६ सेकंद. पण त्रैराशिक पहिल्या फेरीचे १८.४ सेकंद दर दहा फेऱ्यांना पुन्हा वसूल करतं. उभ्यानं सुरुवात तर एकदाच होते. ती वेगळी काढली, उरलेल्या नऊ फेऱ्यांची सरासरी १५.२९ धरली, की ७६४ सेकंद होतात. साठने भागल्यावर कॅल्क्युलेटर १२.७३ दाखवतो आणि वहीत ‘१२ मिनिटं ७३ सेकंद’ उमटतात. ती १२ मिनिटं ४४ सेकंद आहेत.

यात दमणं कुठेच नाही. दुसरी ते पाचवी फेरी सरासरी १५.०५ची, शेवटच्या चार १५.५३च्या. दर फेरीला साधारण ०.०९५ सेकंदांची घसरण. ती शेवटपर्यंत तशीच चालली तर पन्नासाव्या फेरीला १९.५ सेकंद लागतील आणि एकूण वेळ १४ मिनिटं १६ सेकंद होईल. पीटर रीगलचं धावपटूंसाठीचं सूत्र, ज्यात अंतराच्या पटीचा १.०६वा घात घेतात, तेही इथे १४ मिनिटं १४ सेकंद सांगतं. दोन्ही उत्तरं जवळ आली म्हणून हुरळू नये. सूत्र धावण्याचं आहे, स्केटिंगचं नाही. शिवाय ही मुलगी एक किलोमीटरच्या आवेशात सुटली होती. पाच किलोमीटरला तिने सुरुवातच सोळाने केली, तर घसरण एवढी राहणार नाही.

अंतर वाढलं की वेग घटतोच, हेही गृहीत धरू नये. २ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुण्याचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे, आर्यनपाल सिंग घुमान आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्यासह भारताने ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. वेळ ४ मिनिटं १०.१२८ सेकंद. २०० मीटरची एक फेरी सरासरी १६.६८ सेकंदांत, वेग ताशी ४३.२ किलोमीटर. त्याच आनंदकुमारने २०२५मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण १ मिनिट २४.९२४ सेकंदांत जिंकलं. त्याची सरासरी भरते ४२.४. तिप्पट अंतर असूनही रिले वेगवान. तिथे स्केटर आळीपाळीने दम घेतात आणि उभ्यानं सुरुवातीचा तोटा तिप्पट अंतरावर पसरतो. एकट्याच्या हजार मीटरला दोन्ही सवलती नाहीत, वर प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच. त्याच रिलेत सोनं चायनीज तैपेईला मिळालं, कोरियापेक्षा ०.०१ सेकंद आधी. त्या सरासरी वेगाने ते अंतर अवघं बारा सेंटिमीटर. कोरियाच्या स्केटरने रेषेआधीच हात उंचावले होते.

तर पालकांच्या प्रश्नाला उत्तर: १२:४४ आणि १४:१६ या दोन टोकांमध्ये मी साडेतेरा मिनिटं लिहीन. त्यासाठी पहिली फेरी सोडून प्रत्येकीला १६.२ सेकंद हवेत, हे मुलीला सांगता येतं. अंदाज पक्का करायचा असेल तर तिला त्याच चालीने तीस फेऱ्या मारायला लावा आणि शेवटच्या दहा आधीच्या दहांशी ताडून पाहा. त्याआधी मात्र टेप घेऊन रिंक मोजा आणि लांबी पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा.