चार्टची उजवी कड

दैनिकांतल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात सहसा रस्त्यांवरचे खड्डे येतात, पाणीकपात येते, संमेलनाच्या अध्यक्षपदाचा वाद येतो. एका ट्रेडरने संपादकांना लिहिलेले पत्र तिथे क्वचितच सापडते. हे पत्र तसे आहे. त्याला निमित्त झाला त्याच दैनिकातल्या अर्थविषयक पानावरचा एक लेख. 2008 च्या मंदीची चाहूल चार्टने कित्येक महिने आधीच दिली होती, असे त्या लेखात म्हटले होते, आणि सोबत निफ्टीचा आलेख छापून त्यावर रेघा आणि बाण काढून दाखवले होते. पत्रलेखक या रेघांना चुकीचे म्हणत नाही. दुसऱ्याच परिच्छेदात तो लिहितो, ‘आपण छापलेली आकृती अचूक आहे. माझी शंका तिच्या तारखेबद्दल आहे.’ या दोन वाक्यांमुळे पत्राची पातळीच बदलते. खोडून काढण्याची घाई त्यात नाही, कारण लिहिणाऱ्याला एक नेमकी गोष्ट दाखवायची आहे.

ती गोष्ट तो वाचकाला एका दिवशी नेऊन बसवून दाखवतो. दिवस आहे 2 मे 2008, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीनंतरचा शुक्रवार. निफ्टी 5,200 च्या वर बंद झाला आहे. मागे वळून पाहिले तर जानेवारीत 6,357 चे शिखर दिसते. तिथून कोसळून 22 जानेवारीला 4,448 चा नीचांक झाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला 5,500 च्या वरपर्यंत उसळी आली आणि मार्चमध्ये पुन्हा घसरण झाली. ती मात्र 4,470 च्या आसपास थांबली. जानेवारीचा तळ टिकला. शिखरे जोडणारी उतरती ट्रेंडलाइनही भावाने वर ओलांडली. चार्ट वाचायला शिकलेल्या कोणालाही त्या शुक्रवारी जे दिसले असते त्याचे नाव डबल बॉटम. एकाच पातळीवर दोनदा खरेदीदार उभे राहिले, म्हणून आता तेजी, असा त्याचा रूढ अर्थ.

आता पत्रातली पुढची चाल पाहा. लेखक तेच बिंदू पुन्हा मोजतो. 6,357, मग 5,500 च्या वरचे शिखर, मग मेमधले सुमारे 5,300 चे. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा खाली, आणि तळाशी 4,450 ची आडवी रेघ. ही आकृतीही पाठ्यपुस्तकात आहे. तिला उतरता त्रिकोण म्हणतात आणि तिचा अर्थ नेमका उलटा, मंदीचा. संपादकांच्या लेखात बाणाने दाखवलेली आकृती तीच. मला हा पत्राचा सर्वात देखणा भाग वाटतो. मधली शिखरे आणि दोन्ही तळ जागचे हललेले नाहीत, एकही आकडा खोटा नाही. तेजीची आकृती मंदीची व्हायला लागले ते फक्त शेवटचे शिखर, आणि ते शिखर आहे हे भाव तिथून पुरेसा खाली आल्यावरच ठरले. 2 मे रोजी तो केवळ चढत्या रेघेचा सर्वात उजवीकडचा बिंदू होता.

इथे लेखक धंद्यातला एक तपशील सांगतो, जो बाहेरच्या माणसाला सुचला नसता. चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये झिगझॅग नावाचे साधन असते. ते बारीक हालचाली गाळून फक्त मोठी वळणे रेघेने जोडते. 5 टक्क्यांचे माप दिले, तर भाव शिखरावरून तेवढा खाली येईपर्यंत शिखर पक्के होत नाही. तोवर शेवटची रेघ रोज सरकत राहते, मात्र जुन्या चार्टवर हे सरकणे दिसत नाही. तिथे शिखर ज्या दिवशी झाले त्याच दिवशी कळले होते, असे वाटते. मार्चचा तळही असाच: 4,470 वरून 5 टक्के वर, म्हणजे साधारण 4,690 ला, तो तळ ठरतो. मधले दोनशेहून अधिक अंक कोणाच्याच हाती लागत नाहीत. ‘स्पष्ट’ दिसण्यामागची इतकी यांत्रिक कारणमीमांसा एवढ्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला आहे. आकृती पुरी झाल्याशिवाय सौदा करू नये, हे तर पुस्तकही सांगते. डबल बॉटमसाठी फेब्रुवारीचे शिखर ओलांडले जायला हवे होते, ते ओलांडले गेलेच नाही. लेखक हे मोकळेपणाने मान्य करतो. नियम पाळणारा त्या तेजीत सापडला नसता. मग तो आक्षेपकाच्याच बाजूने पुढे चालतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात निफ्टी 4,450 च्या खाली बंद झाला, त्रिकोण नियमानुसार पुरा झाला. त्या दिवशी शॉर्ट केले आणि मोडलेल्या पातळीच्या थोडा वर, समजा 4,550 ला, स्टॉपलॉस ठेवला. जुलैच्या मध्यापर्यंत भाव 3,800 च्याही खाली गेला. नफा घेतला नाही, कारण आकृतीच्या उंचीवरून काढलेले लक्ष्य त्याहून बरेच खाली होते. ऑगस्टमध्ये निफ्टी परत 4,600 च्या वर आला आणि स्टॉपलॉस उडाला. ऑक्टोबरच्या 27 तारखेला 2,252 चा तळ आला, तेव्हा हा माणूस सौद्याबाहेर होता. लेखातल्या आलेखावर ऑगस्टची ती उसळी एक लहानसा उंचवटा आहे. बाण तिच्यावरून सरळ खाली जातो. ‘तो उंचवटा पार करायला आठवडे लागले होते,’ एवढेच पत्रलेखक म्हणतो आणि विषय सोडतो. तक्रारीचा सूर लावायला जागा होती, पण तो लावलेला नाही, म्हणून हे वाक्य जास्त लागते.

एका बाबतीत मात्र पत्र अपुरे आहे. 2008 चे उदाहरणही मागाहूनच निवडलेले आहे. फसलेल्या आकृत्या वेचणे यशस्वी आकृत्या वेचण्याइतकेच सोपे असते. शिकागो विद्यापीठातल्या हॅरी रॉबर्ट्स यांनी 1959 मध्ये केवळ यादृच्छिक आकड्यांतून आलेख तयार केले, तर त्यांतही बाजारातल्यासारख्या आकृत्या उमटल्या. हा पुरावा एका उदाहरणापेक्षा भक्कम आहे, आणि तो पत्रात असता तर बरे झाले असते. शिवाय आकृत्यांत काहीच नसते, असाही समज वाचकाचा होऊ शकतो, तो होऊ नये.

शेवटी पत्रात एक मागणी आहे. अर्थविषयक पानावर आकृती छापायचीच असेल तर ती अर्धवट असतानाच छापावी, उजवी बाजू कोरी ठेवावी, आणि कोणत्या भावाला ती चुकली असे मानायचे तो आकडा त्याच दिवशी खाली द्यावा. आलेली प्रत्येक आकृती मोजावी, फळलेलीही आणि फसलेलीही. ही मागणी व्यवहार्य आहे आणि अभ्यासकांनी ती आपापल्या परीने पाळलेलीही आहे. अँड्र्यू लो, हॅरी मामायस्की आणि जियांग वांग यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 1962 ते 1996 मधले अमेरिकी शेअर घेतले होते. डोके-खांदे, त्रिकोण, डबल बॉटम अशा दहा आकृत्यांची व्याख्या त्यांनी आधी गणितात बसवली आणि शोधण्याचे काम संगणकाला दिले. काही आकृत्यांतून थोडीफार उपयोगी माहिती मिळते, असे त्यांना आढळले. त्यावर नफा होतोच, असे त्यांनी म्हटलेले नाही. आणि प्रत्येक आकृती 38 दिवसांच्या तुकड्यात शोधताना शेवटचे 3 दिवस त्यांनी मुद्दाम राखून ठेवले होते, कारण आकृती पुरी होते त्याच दिवशी ती पुरी झाल्याचे पाहणाऱ्याला कळत नाही.